स्टेटमेंटच्या आधीचे चार दिवस

क्रेडिट कार्डाचं बिल दर महिन्याला, वेळेवर आणि पूर्ण भरणाऱ्या माणसाचाही क्रेडिट स्कोअर अनेकदा अपेक्षेपेक्षा कमी दिसतो. उशीर एकही नाही, व्याज कधी लागलेलं नाही, तरी अहवालात कारण दिलेलं असतं की लिमिटच्या मानाने बाकी जास्त आहे. माणूस गोंधळतो, कारण त्याच्या हिशेबात बाकी शून्य आहे. अहवाल आणि तो, दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. ते वेगवेगळ्या दिवसांबद्दल बोलत असतात, एवढंच.

कार्डावरची बाकी महिनाभर वरखाली होत राहते. कर्जाच्या नोंदी ठेवून स्कोअर देणाऱ्या क्रेडिट ब्युरोकडे मात्र ती सलग जात नाही. कार्ड देणारी संस्था ठरलेल्या एका दिवशीची बाकी उचलते आणि तो एकच आकडा पाठवते, जणू त्या दिवसाचा फोटो. बहुतेक ठिकाणी तो दिवस म्हणजे स्टेटमेंटची, म्हणजे बिल तयार होण्याची तारीख. बिल भरण्याची शेवटची तारीख, जिला सगळे ड्यू डेट म्हणतात, ती त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी येते. ड्यू डेटला पूर्ण पैसे भरले तर व्याज वाचतं, उशिराची नोंद टळते, पण तोवर ब्युरोकडे बिलाचा पूर्ण आकडा पोचलेला असतो. पुढच्या महिन्यात नवा खर्च, नवं बिल, पुन्हा तोच फोटो. बारा महिने पूर्ण बिल भरणारा माणूस अहवालात बारा महिने बाकी असलेला दिसतो, तो असा.

युटिलायझेशन म्हणजे ही कळवलेली बाकी भागिले त्या कार्डाचं लिमिट. एक लाखाच्या लिमिटवर ७२ हजार बाकी कळवली गेली की युटिलायझेशन ७२ टक्के. स्कोअरची सूत्रं हे दोन पातळ्यांवर पाहतात: प्रत्येक कार्डाचं वेगळं आणि सगळ्या कार्डांचं मिळून. एकूण आकडा छान असला तरी एखादं कार्ड काठोकाठ भरलेलं असेल तर त्याचेही गुण कापले जातात. अमेरिकेतल्या फायको स्कोअरच्या जाहीर विभागणीत वेळेवर परतफेडीला ३५ टक्के वजन आहे आणि देणे असलेल्या रकमांना ३० टक्के. त्या ३० मध्ये युटिलायझेशन हा मोठा भाग, पण एकटा नाही.

३० टक्क्यांच्या आत ठेवा, हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. तो वाईट नाही, पण त्यातून गैरसमज होतो की २९ ला सगळं ठीक आणि ३१ ला कडा कोसळतो. तसं नसतं. आकडा जसा खाली येतो तसा फायदा वाढत जातो, आणि ३० च्या खालीही तो थांबत नाही. २८ वरून ८ वर आल्यावरही स्कोअर हलतो. म्हणून कर्जाचा अर्ज तोंडावर असेल तर माझं लक्ष्य एकअंकी किंवा त्याच्या जवळपासचं असतं. ३० हे मी एरवीच्या महिन्यांसाठी सोडून देतो.

आता प्रत्यक्ष काम. ते पैसे भरण्यापासून सुरू होत नाही. सुरुवात होते आपल्या कार्डाचा फोटो नेमका कोणत्या दिवशी निघतो हे शोधण्यापासून. ही पायरी लोक वगळतात आणि मग नीट भरूनही काही बदललं नाही म्हणून वैतागतात.

ब्युरोचा पूर्ण अहवाल उघडायचा. नुसता आकडा दाखवणारा डायल इथे कामाचा नाही. अहवालात प्रत्येक कार्डासमोर साधारण चार गोष्टी दिसतात: Credit Limit, Current Balance, High Credit आणि कळवल्याची तारीख, जी बहुधा Date Reported अशा नावाने असते. Current Balance चा आकडा कागदावर उतरवायचा. मग त्या काळातलं स्टेटमेंट काढायचं आणि त्यातली एकूण देय रक्कम शेजारी ठेवायची. दोन्ही आकडे जुळले तर प्रश्न मिटला: तुमची संस्था स्टेटमेंटची बाकी कळवते.

जुळले नाहीत तर थोडी मेहनत आहे, पण ती एकदाच करावी लागते. स्टेटमेंटमधले व्यवहार तारीखवार मांडायचे आणि रोजच्या शेवटी बाकी किती होती हे बेरीज-वजाबाकी करत काढायचं. खर्च मिळवायचा, भरणा आणि परतावा वजा करायचा. ज्या दिवशी तुमची बाकी अहवालातल्या आकड्याशी जुळते, तो फोटोचा दिवस. इथे व्यवहाराची तारीख धरायची नाही, तो खात्यात पोस्ट झाल्याची, म्हणजे पक्का नोंदला गेल्याची तारीख धरायची. शनिवारी केलेली खरेदी मंगळवारी पोस्ट झाली असेल तर रविवारच्या बाकीत ती नसते. आणखी एक सावधगिरी: अहवालातली कळवल्याची तारीख महिनाअखेरची असते, पण आकडा त्याआधीच्या स्टेटमेंटचा असतो, असंही दिसतं. म्हणून तारखेपेक्षा आकड्यावर विश्वास ठेवावा. दोन वेगवेगळ्या महिन्यांत एकच पद्धत जुळली की मी ती पक्की मानतो. एका महिन्याचं जुळणं योगायोगाने होऊ शकतं, विशेषतः कार्डावर फार हालचाल नसेल तर.

भारतात ही पायरी जास्तच महत्त्वाची आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२४ मधल्या परिपत्रकानुसार १ जानेवारी २०२५ पासून कर्ज आणि कार्ड देणाऱ्या संस्थांनी ब्युरोंना किमान दर पंधरवड्याला माहिती द्यायची आहे, म्हणजे १५ तारखेची आणि महिन्याच्या शेवटच्या दिवसाची. पंधरवडा संपल्यापासून सात दिवसांत ती पाठवायची आणि ब्युरोने मिळाल्यापासून पाच दिवसांत नोंदवून घ्यायची. याचा अर्थ असा की तुमची स्टेटमेंटची तारीख १८ असली तरी फोटो १५ ला किंवा ३१ ला निघालेला असू शकतो. अमेरिकेतल्या वाचकांसाठी लिहिलेला ‘स्टेटमेंटच्या तीन दिवस आधी भरा’ हा सल्ला इथे डोळे झाकून वापरला तर कधी बसतो, कधी नेम चुकतो. रोजची बाकी मांडून पाहिली की आपलं कार्ड कोणत्या गटात आहे ते कळतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. दोन कार्डं आहेत. पहिल्याचं लिमिट १ लाख, स्टेटमेंट दर महिन्याच्या १८ तारखेला, ड्यू डेट पुढच्या महिन्याची ७. दुसऱ्याचं लिमिट ५० हजार, त्यावर महिन्याला चारेक हजारांचा खर्च. पहिल्या कार्डाचं मागचं बिल ७१,८४० चं होतं आणि ते ७ तारखेला पूर्ण भरलं. अहवालात मात्र पहिल्या कार्डासमोर ७१,८४० आणि दुसऱ्यासमोर ४,००० दिसतात. म्हणजे पहिलं कार्ड ७१.८ टक्के, आणि दोन्ही मिळून दीड लाखावर ७५,८४०, म्हणजे ५०.६ टक्के. अहवालातला आकडा स्टेटमेंटशी जुळला, तेव्हा हे कार्ड स्टेटमेंटचा फोटो काढणारं आहे असं धरू.

१३ तारखेला सकाळी कार्डाचं ॲप उघडायचं. तिथे तीन आकडे वेगळे वाचायचे असतात. मागच्या बिलातलं काही राहिलं आहे का, हा पहिला. ते ७ ला भरल्यामुळे शून्य. बिलात अजून न आलेले पण पोस्ट झालेले व्यवहार, हा दुसरा, समजा ५८,४००. आणि मंजूर झालेले पण अजून पोस्ट न झालेले, म्हणजे पेंडिंग व्यवहार, हा तिसरा, समजा २,६००. इथे एक चूक हमखास होते. लोक उपलब्ध लिमिट पाहतात, ३९,००० दिसतं, आणि एक लाखातून वजा करून बाकी ६१,००० समजतात. उपलब्ध लिमिटमधून पेंडिंग रक्कमही आधीच कापलेली असते, पण कळवल्या जाणाऱ्या बाकीत ती पोस्ट होईपर्यंत येत नाही. हॉटेलच्या किंवा गाडी भाड्याच्या अनामतीची रोखून धरलेली रक्कम तर पुढे सोडूनही दिली जाते. म्हणून बाकीचा आकडा पोस्ट झालेल्या व्यवहारांवरूनच घ्यावा.

मग १८ पर्यंत आणखी काय पोस्ट होणार याचा अंदाज. पेंडिंगचे २,६००. १६ तारखेला आपोआप कापली जाणारी वर्गणी १,९००. आणि पाच दिवसांचा नेहमीचा खर्च ६,००० धरू. काही न भरता सोडलं तर १८ चं बिल ६८,९०० चं होईल.

१३ ला ५८,००० भरले. खात्यात लगेच ४०० उरले, आणि पुढच्या पाच दिवसांत २,६००, १,९०० आणि ६,००० पोस्ट होऊन १८ ला बिल आलं १०,९०० चं. पहिलं कार्ड १०.९ टक्क्यांवर. दुसऱ्या कार्डाचे ४,००० धरून दोन्ही मिळून १४,९००, म्हणजे दीड लाखावर ९.९ टक्के. ५०.६ वरून इथे यायला खर्च एक पैशाने कमी केलेला नाही. जे पैसे पुढच्या महिन्याच्या ७ ला जाणारच होते, ते साडेतीन आठवडे आधी गेले. तेवढ्या दिवसांचं बचत खात्यातलं व्याज गेलं, ही या उपायाची खरी किंमत.

१३ च का, १७ का नाही? कारण भरणा केला आणि तो पोस्ट झाला या दोन वेगळ्या घटना आहेत. बँकेच्या आतल्या आत भरलेले पैसे काही मिनिटांत दिसतात, दुसऱ्या बँकेतून किंवा बिल भरण्याच्या मध्यस्थ सेवेतून आलेल्या पैशांना एक ते तीन कामाचे दिवस लागू शकतात. मध्ये शनिवार-रविवार किंवा बँकेची सुट्टी आली तर आणखी. १७ च्या रात्री भरलेले पैसे १९ ला पोस्ट झाले तर ते पुढच्या बिलात दिसतात आणि या महिन्याचा फोटो ६८,९०० चाच निघतो. उलट फार लवकर, म्हणजे ८-९ तारखेला भरलं, तर त्यानंतरचे नऊ-दहा दिवसांचे व्यवहार पुन्हा साचतात. चार ते पाच दिवस आधी, हा या दोन टोकांमधला मध्य आहे. भरल्यावर दुसऱ्या दिवशी ॲपमध्ये पोस्ट झालेल्या बाकीत घट दिसते का, हे पाहायचंच. उपलब्ध लिमिट वाढलं म्हणजे भरणा पोस्ट झाला असं नाही, काही ठिकाणी लिमिट आधी मोकळं होतं आणि नोंद नंतर पडते.

५८,००० ऐवजी थेट ६९,००० भरून टाकले असते तर? खात्यात त्या दिवशी पोस्ट झालेली बाकी ५८,४०० च होती. त्याहून जास्त भरलं की खातं जमा बाजूला जातं. पेंडिंग व्यवहार आणि पुढचा खर्च पोस्ट झाला की ते भरून निघतं, नुकसान काही नाही, पण युटिलायझेशन शून्याच्या खाली जाऊन जास्तीचे गुण मिळत नाहीत. शिवाय बाकीपेक्षा जास्त रक्कम काही संस्था स्वीकारतच नाहीत, किंवा विचारणा करतात. थोडं कमी भरून उरलेलं १६ ला पुन्हा भरणं सोपं पडतं. या उदाहरणात १६ ला आणखी ३,००० भरले असते तर बिल ७,९०० वर आलं असतं. मी ते केलं नसतं. १०.९ आणि ७.९ मधला फरक इतका लहान आहे की त्यासाठी दुसरा भरणा सांभाळत बसण्यात अर्थ नाही.

सगळ्या कार्डांवर एकदम शून्य दाखवणंही टाळावं. फायकोच्या सूत्रांत सगळीकडे शून्य असण्यापेक्षा एखाद्या कार्डावर थोडी बाकी दिसणं किंचित बरं ठरतं, कारण त्यातून कार्ड वापरात आहे हे कळतं. फरक थोडासाच असतो. पण त्याचा विपर्यास करून लोक मुद्दाम बिलातली काही रक्कम न भरता पुढे ढकलतात, हे चुकीचं आहे. बाकी दिसायला हवी ती स्टेटमेंटच्या दिवशी. ड्यू डेटला ती पूर्णच भरायची. पुढे ढकललेल्या रकमेवर व्याज लागतं आणि स्कोअरला त्यातून काही मिळत नाही.

यातली सगळ्यात महाग चूक १८ नंतर होते. १३ ला ५८,००० भरलेले असल्यामुळे डोक्यात बसतं की या महिन्याचं भरून झालं. पण ते पैसे बिल तयार होण्याआधीच्या बाकीत जमा झाले. १८ ला १०,९०० चं नवं बिल निघालं आहे, त्याला स्वतःची किमान देय रक्कम आहे आणि ७ तारखेची ड्यू डेट आहे. आधी भरलेले ५८,००० त्या किमान रकमेत धरले जात नाहीत. ७ चुकली तर दंड आणि व्याज लागतं, आणि उशीर लांबला तर परतफेडीच्या रकान्यात डाग पडतो, जो वर्षानुवर्षं दिसत राहतो. युटिलायझेशनसाठी केलेल्या खटाटोपातून ३५ टक्के वजनाच्या बाजूला धक्का लावून घेणं यापेक्षा वाईट सौदा नाही. म्हणून लवकर भरायला सुरुवात करण्याआधी पूर्ण रकमेचं ऑटो पे लावून ठेवावं. स्टेटमेंटच्या आधी हाताने भरायचं, आणि जे बिलात उरेल ते ड्यू डेटला आपोआप जाऊ द्यायचं.

ऑटो पेचीही एक खाच आहे. हाताने केलेला भरणा स्टेटमेंटच्या आधी पडला तर बिलच लहान निघतं आणि ऑटो पे तेवढंच कापतं, गोंधळ नाही. पण स्टेटमेंट झाल्यानंतर आणि ऑटो पेच्या आधी हाताने भरलं, तर संस्थेनुसार वेगळं घडतं. काही ठिकाणी ऑटो पे तेवढी रक्कम वजा करून उरलेलंच घेतं. काही ठिकाणी कापायची रक्कम आधीच ठरून बँकेकडे गेलेली असते, मग पूर्ण बिल पुन्हा कापलं जातं. पैसे बुडत नाहीत, कार्डावर जमा राहतात, पण त्या दिवशी बचत खात्यात तेवढी रक्कम नसेल तर ऑटो पे परत जातं आणि त्याचा दंड वेगळा. आपल्या कार्डाच्या ऑटो पेच्या अटींत हे लिहिलेलं असतं, एकदा वाचून ठेवावं.

परताव्यावर विसंबून राहिल्यानेही गणित चुकतं. महागडी वस्तू परत केली, दुकानाने परतावा दिला, पण तो खात्यात पोस्ट व्हायला आठवडा लागू शकतो. १८ च्या आत तो आला नाही तर फोटोत पूर्ण खरेदी दिसते. परतावा पोस्ट झालेला डोळ्यांनी दिसेपर्यंत तो धरायचा नाही.

आता तेच कार्ड महिनाअखेरचा फोटो काढणारं असेल तर काय होतं ते पाहू, कारण इथे फरक चक्रावून टाकणारा आहे. लवकर भरण्याची सवय नसलेल्या महिन्यात १८ ला ७१,८४० चं बिल निघालं. ड्यू डेट ७, म्हणून ते अजून भरलेलं नाही. १८ ते ३१ मध्ये आणखी २४,००० चा खर्च पोस्ट झाला. ३१ ला एकूण बाकी ९५,८४०. जुनं बिल आणि नवा खर्च दोन्ही एकावर एक रचलेले, आणि कार्ड जवळजवळ ९६ टक्के भरलेलं दिसतं, जरी माणसाने महिन्याचा खर्च ७२ हजारांच्या आसपासच ठेवला आहे. फोटोचा दिवस स्टेटमेंट आणि ड्यू डेटच्या मधे पडला की असंच होतं. अहवालातला आकडा कुठल्याही बिलाशी जुळत नाही आणि सगळ्या बिलांपेक्षा मोठा आहे, ही त्याची खूण.

अशा कार्डावर १३ ला ५८,००० भरले तर १८ चं बिल १०,९०० चं निघेल हे खरं, पण ३१ पर्यंत २४,००० ची भर पडून फोटो ३४,९०० चा, म्हणजे ३५ टक्क्यांचा निघेल. ९६ पेक्षा पुष्कळ बरा, पण मनात होता तो नव्हे. इथे भरण्याचा दिवस महिनाअखेरीच्या चार-पाच दिवस आधी सरकवायचा. २६ च्या सुमारास बिलाची पूर्ण रक्कम आणि तोवर साचलेल्या नव्या खर्चातला बराचसा भाग भरायचा. बिलाची रक्कम ड्यू डेटच्या आधीच गेली, तेव्हा ती चिंताही मिटली. मात्र वर सांगितलेली ऑटो पेची खाच नेमकी याच वेळी लागते, कारण हा भरणा स्टेटमेंटनंतरचा आहे. आणि संस्था १५ आणि ३१ दोन्ही दिवसांची बाकी कळवत असेल तर कर्जाच्या अर्जाआधी जो फोटो ताजा असणार आहे, तेवढाच नीट करायचा. दोन्ही सांभाळायची गरज नाही.

अर्ज कधी करायचा हे फोटोच्या दिवसावरून पुढे मोजायचं. ३१ ची बाकी पाठवायला सात दिवस आणि नोंदवायला पाच, म्हणजे भारतात ती उशिरात उशिरा पुढच्या १२ तारखेच्या आसपास अहवालात यायला हवी. १५ ची बाकी २७ च्या आसपास. अर्ज त्यानंतर, आणि पुढचा फोटो अहवालात चढण्याआधी. पैसे भरले आणि तिसऱ्या दिवशी अर्ज केला, तर बँक जुनाच फोटो पाहते. अर्ज करण्याआधी आपला अहवाल स्वतः काढून आकडा बदललेला पाहावा. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही.

अहवाल पाहताना लिमिटचा रकानाही तपासावा, कारण भागाकारात तोही आहे. लिमिट वाढवून मिळालं पण अहवालात जुनंच दिसतं, असं होतं. कधी लिमिटचा रकाना रिकामाच असतो, आणि मग काही सूत्रं High Credit, म्हणजे त्या कार्डावर आजवरची सर्वाधिक बाकी, लिमिटच्या जागी धरतात. ७२ हजारांची बाकी नेहमी असणाऱ्याचं High Credit ७५ हजार असेल, तर युटिलायझेशन ९६ टक्के निघतं, आणि लवकर भरून ते खाली आणलं तरी भाजक लहानच राहतो. ही चूक भरण्याने सुटत नाही. कार्ड देणाऱ्या संस्थेकडे आणि ब्युरोकडे दुरुस्तीची तक्रार करावी लागते. न वापरलेलं जुनं कार्ड अर्जाच्या तोंडावर बंद करणं हाही भाजक लहान करण्याचाच प्रकार आहे. उदाहरणातलं ५० हजारांचं कार्ड बंद केलं तर ५०.६ टक्के एका दिवसात ७१.८ होतात.

हे सगळं दर महिन्याला करायचं का? पुष्कळ प्रचलित सूत्रांना युटिलायझेशनची आठवण नसते. त्यांना फक्त शेवटचा कळवलेला आकडा दिसतो. मार्चमध्ये ९० टक्के होतं आणि एप्रिलमध्ये ९, तर एप्रिलच्या स्कोअरमध्ये मार्चचा मागमूस राहत नाही. म्हणूनच हा उपाय एका चक्रात काम करतो, आणि म्हणूनच अर्ज नसलेल्या महिन्यांत तो केला नाही तरी काही कायमचं बिघडत नाही. घर किंवा गाडीच्या कर्जाआधीची दोन चक्रं नीट सांभाळली की पुरतं. दोन अशासाठी, की पहिल्यात काही चुकलं तर दुसरं हाताशी असावं.

याला अपवाद मागच्या महिन्यांचा कल पाहणाऱ्या नव्या सूत्रांचा. २०१७ मध्ये जाहीर झालेला व्हँटेजस्कोअर ४.० आणि २०२० मध्ये आलेला फायको १० टी ही दोन वर्षांपर्यंतच्या बाकीचा आणि भरण्याचा मागोवा घेतात. बाकी महिन्यागणिक चढते आहे का उतरते आहे, आणि माणूस पूर्ण भरतो का थोडं भरून बाकीचं पुढे ढकलतो, हे त्यांना दिसतं. अर्जाआधी एकदाच आकडा खाली आणला तर त्यांच्यावर कमी परिणाम होतो. पण दर महिन्याला पूर्ण भरणाऱ्याला त्यांची भीती नाही, उलट त्याच्या ७२ टक्क्यांमागे पूर्ण भरणा आहे हे त्यांनाच कळतं.

आणि ज्याच्या कार्डावर खरोखरच कर्ज साचलेलं आहे, दर महिन्याला किमान रक्कम भरून बाकी पुढे जाते आहे, त्याने तारखांच्या या हिशेबात शिरू नये. त्याला रोजच्या बाकीवर व्याज लागतं आहे. हातात पैसे येतील त्याच दिवशी त्याने ते भरावेत, मग स्टेटमेंटला वीस दिवस असोत की दोन. १३ तारखेची वाट पाहणं म्हणजे तेवढ्या दिवसांचं व्याज उगाच देणं.